साखरपुडा पुढच्या महिन्यात, दोन पत्रिका दोन निकाल, आणि काकांना लिहायचं पत्र. जरा वाचून सांगा

अबोली७
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकला विभाग तर हलवा.
आमचं मूळ गाव रत्नागिरीजवळ. माझी पत्रिका आमच्या घरच्या ज्योतिषीकाकांच्या वडिलांनी हाताने लिहिलेली, पिवळा कागद, हळदीकुंकवाची बोटं लावलेली. मुलगा नाशिकचा, आमचं आम्हीच ठरवलंय, तीन वर्षं झाली. पण दोन्हीकडे पत्रिका बघायच्याच होत्या, मग बघितल्या. फेब्रुवारीत बाबा काकांकडे गेले, ते म्हणाले साडेतेवीस गुण, नाडी वेगळी, बिनधास्त करा. मग साखरपुड्याची तारीख काढायला मुलाकडचे त्यांच्या गुरुजींकडे गेले तर ते म्हणतात साडेवीस गुण, पण एकनाडी आहे, करू नका, संततीला त्रास. तेव्हापासून दोन्ही घरात थंड शांतता. हॉलचं बुकिंग झालंय.
मी काकांना पत्र लिहितेय (ते फोनवर कुंडलीचं बोलत नाहीत, तत्त्व आहे त्यांचं). कच्चा खर्डा खाली देते, सूर बरोबर वाटतोय का सांगा. काका वयस्कर आहेत, रागावायला नकोत.

"ती. काकांस कृ. सा. न. वि. वि.
पत्रास कारण की फेब्रुवारीत बाबा आपल्याकडे येऊन गेले तेव्हा आपण साडेतेवीस गुण जमतात असे सांगितले होते. आता मुलाकडील गुरुजी साडेवीस गुण व एकनाडी सांगतात. आम्हां सर्वांचा आपल्यावर पूर्ण विश्वास आहे, परंतु मनात शंका आल्यापासून आईला झोप नाही. मी लहानपणापासून आपल्याच शब्दावर मोठी झाले. तरी दोघांपैकी बरोबर कोण ते कृपया पुन्हा एकदा पाहून सांगावे, आणि एकनाडी असल्यास काही उपाय असल्यास तोही सांगावा. आपली, ..."

मिरचीभजी
पहिली! 😀 पत्र छान आहे गं, सूर एकदम गोड. 'कृ. सा. न. वि. वि.' बघून डोळे पाणावले, आजीची आठवण.

शंतनु_ठाणे
सरळ सांगतो. तीन वर्षं एकमेकांना ओळखता, मग कोणीतरी कागद बघून सांगणार? नारळीकरांनी २००८ मध्ये प्रयोग केला होता, हुशार मुलं आणि मतिमंद मुलं यांच्या पत्रिका मिसळून ज्योतिषांना दिल्या, प्रत्येकी चाळीस. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली आणि बरोबर आली ४६ टक्के, म्हणजे नाणं उडवलं असतं तर तेवढंच. यावर घर उदास करून घ्यायचं?

मालवणी_खाजा
शंतनु, धागा उघडायच्या आधीच तुझी पोस्ट टाईप झालेली असते काय रे?

अबोली७
@शंतनु मला पटतं हो, खरंच. पण मी लग्न करतेय ते फक्त माझ्याशी नाही. सासूबाईंना पटत नाहीये, त्यांना प्रयोग सांगून उपयोग नाही.

सौ_वर्तक
साखरपुड्यासाठी शुक्रवार टाळा, आणि रिक्ता तिथी नको. आमच्या मुलीचा चतुर्थीला केला तर हॉलचा जनरेटर बंद पडला. 🙏

अबोली७
काकू मुहूर्त नाही विचारत, जुळणीचं आहे.

सौ_वर्तक
अगं हो का, चष्मा नव्हता. तरीपण शुक्रवार टाळा.

ग्रहमान_निलेश
ताई हे ९९% जन्मवेळेचं प्रकरण आहे. हॉस्पिटलवाले वेळ गोल करून लिहितात, कुणी डोकं बाहेर आल्याची धरतं, कुणी पहिल्या रडण्याची. पाच-दहा मिनिटांचा फरक पडला की पत्रिका बदलते. आधी जन्मवेळ शुद्ध करून घ्या, मी स्वतः करून देतो, व्यनि करा.

पंतोजी
निलेशराव, थोडं थांबा. पाच-दहा मिनिटांनी लग्नरास बदलू शकते, नवमांश तर बऱ्याचदा हलतो, तिथे तुम्ही बरोबर आहात. पण नाडी चंद्राच्या नक्षत्रावरून ठरते आणि चंद्र तासाला साधारण अर्धा अंश चालतो. दहा मिनिटांत तो एक दशांश अंशही सरकत नाही. नाडी बदलायला नक्षत्र बदलायला हवं, म्हणजे चंद्र अगदी वेशीवर उभा असेल तरच दहा मिनिटांनी फरक पडेल.

अबोलीताई, मी भविष्य सांगत नाही, मला त्यात पडायचंही नाही. पण पंचांगाचं गणित हा माझा तीस वर्षांचा नाद आहे. दोन्ही कागद समोर घ्या आणि फक्त तीन गोष्टी सांगा. तुमचं नक्षत्र आणि चरण दोन्हीकडे काय लिहिलंय. जन्मावेळी कुठल्या ग्रहाची महादशा आणि किती शिल्लक. आणि कॉम्प्युटरवाल्या कागदावर कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'अयनांश' असा शब्द दिसतोय का. पत्राचं नंतर बघू, हे आधी.

मालवणी_खाजा
पंतोजी आले, आता मजा. *खुर्ची ओढून बसलो*

अबोली७
आत्ता दोन्ही शेजारी ठेवले आणि अंगावर काटाच आला.
जुन्या पत्रिकेत: ज्येष्ठा, प्रथम चरण. बुध महादशा भोग्य १३ वर्षं १० महिने.
मुलाकडच्या प्रिंटमध्ये: अनुराधा, चौथं चरण. शनी महादशा शिल्लक २ वर्षं १ महिना. चंद्र वृश्चिक १५ अंश १० कला. कोपऱ्यात खरंच आहे, "अयनांश लाहिरी २३ अंश ४९ कला".
जन्मवेळ दोन्हीकडे एकच आहे, मिनिटासकट! गाव पण तेच. मग नक्षत्रच वेगळं कसं???
आणि नावरस अक्षर पण. एकीकडे 'नो', एकीकडे 'ने'.

पंतोजी
आता जुन्या पत्रिकेच्या तळाशी किंवा मागच्या बाजूला बघा. कुठल्या पंचांगावरून केली ते लिहायची पद्धत होती.

अबोली७
मागे आहे. शाई फिकी पडलीय पण वाचता येतंय: "टिळक पंचांगावरून".

पंतोजी
झालं. सापडलं.

सावकाश सांगतो. राशीचक्र हे वर्तुळ आहे, त्याचा शून्य अंश कुठे मानायचा यावर आपल्याकडे शंभरेक वर्षांचं भांडण आहे. एक पक्ष चित्रा तारा समोर धरून शून्य ठरवतो, केतकर त्या बाजूचे, आणि सरकारने मेघनाद साहांची समिती नेमली तिने १९५५ च्या अहवालात साधारण तेच धरलं. आपल्या बाजारात मिळणारी बहुतेक पंचांगं आणि बहुतेक सॉफ्टवेअरं त्याच वाटेची, त्यालाच लाहिरी म्हणतात. दुसरा पक्ष रेवतीतल्या एका अंधुक ताऱ्यापासून मोजतो, टिळकांचा कल तिकडे होता म्हणून टिळक पंचांग रैवत पक्षाचं. दोघांच्या शून्यात अंतर आहे सुमारे चार अंशांचं.

म्हणजे टिळक पंचांगाने केलेल्या पत्रिकेत प्रत्येक ग्रह सुमारे चार अंश पुढे. तुमचा चंद्र लाहिरीने वृश्चिक १५ अंश १०, तो रैवत पक्षाने होतो १९ अंशाच्या जरा वर. अनुराधा संपते १६ अंश ४० कलांवर. वेस मधे आली. अलीकडे अनुराधा, मध्य नाडी, देवगण, पलीकडे ज्येष्ठा, आद्य नाडी, राक्षसगण. तुमच्या मुलाचं नक्षत्र पूर्वा फाल्गुनी असणार असा माझा अंदाज, कारण तसं धरलं की दोन्ही बेरजा जमतात. अनुराधेशी नाडीचे आठ जातात, गणाचे पाच मिळतात. ज्येष्ठेशी नाडीचे आठ येतात, गणाचे पाच जातात. फरक निव्वळ तीन गुणांचा, साडेवीस आणि साडेतेवीस.

कुणाचंही गणित चुकलेलं नाही.

मिरचीभजी
😮😮 पंतोजी दंडवत.

अबोली७
पूर्वा फाल्गुनीच आहे!!! तुम्ही न बघता कसं...

ग्रहमान_निलेश
मान्य, वेळेचं नव्हतं. पण जन्मवेळ शुद्धी तरीही करायला हवी असं माझं मत आहे.

पंतोजी
करा की. पण या चंद्राला लाहिरीने वेस ओलांडायला दीड अंश चालायला हवं, म्हणजे पावणेतीन तास उशिरा जन्म. तेवढी चूक कुठलीही सुईण करत नाही.

कोकणकन्या_डोंबिवली
अय्या हे आमच्याकडे पण आहे! माझं सासर टिळक पंचांगवालं. ज्या वर्षी अधिक महिना दोन पंचांगांत वेगळा पडतो त्या वर्षी आमच्याकडे गणपती महिनाभर आधी. लग्नाच्या पहिल्याच वर्षी असं झालं, ऑफिसात रजा मागायला गेले तर साहेब म्हणाले अहो गणपती पुढच्या महिन्यात. मी म्हटलं सर आमचे गणपती वेगळे आहेत. 😂 अजून चिडवतात. पण पत्रिकेपर्यंत हे पोचतं हे माहीत नव्हतं, आता माझी पण काढून बघते.

शंतनु_ठाणे
म्हणजे आपण शून्य कुठे मानायचं हे ठरवलेलं नाही आणि त्यावरून मुलीने लग्न करायचं की नाही ते ठरवतोय. मला अजून काही बोलायची गरज उरली नाही. फक्त एक हिशेब, नाड्या तीन, नक्षत्रं सत्तावीस, प्रत्येकीत नऊ. म्हणजे डोळे मिटून कुठलीही जोडी उचला, तीनातली एक एकनाडी निघणार. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीत कितीतरी ठिकाणी पत्रिकाच नव्हत्या, त्यातली तिसरा हिस्सा जोडपी एकनाडीच होती की.

डॉ_पुरणपोळी
इथे कुणीतरी आता 'एकनाडी म्हणजे एकच रक्तगट' असं लिहिणार, म्हणून आधीच सांगते

वाडेकर_बंधू
एकनाडी म्हणजे शास्त्रीयदृष्ट्या एकच रक्तगट. पूर्वजांना माहीत होतं.

डॉ_पुरणपोळी
बघा. 🤦‍♀️ वाडेकर, माझा आणि नवऱ्याचा दोघांचा बी पॉझिटिव्ह, दोन मुलं, दोघंही धडधाकट आणि अतिशय उद्धट. रक्तगट एकच असण्याने काहीही होत नाही. अडचण येते ती आई आर-एच निगेटिव्ह आणि बाप पॉझिटिव्ह असला तर, म्हणजे गट *वेगळे* असताना, आणि त्यालाही अँटी-डी इंजेक्शन आहे. अबोली, सासूबाईंना संततीची काळजी असेल तर दोघांची थॅलेसेमियाची तपासणी करून घ्या, एचबी-ए-टू म्हणतात, साधी रक्ताची टेस्ट. दोघंही वाहक निघाले तर तो खरा विचार करण्यासारखा विषय. रिपोर्ट त्यांच्या हातात द्या.

वाडेकर_बंधू
मी वाचलं होतं कुठेतरी. असो.

नाशिककर_मामा
मुलाचं काय म्हणणं आहे ते कुणी विचारलंच नाही अजून.

अबोली७
तो म्हणतो "तू म्हणशील तसं". 🙄 पण काल त्याने आईला सांगितलं की हॉल रद्द करणार नाही. हे त्याच्यासाठी खूप आहे. तिकडच्या गुरुजींनी शांती सुचवलीय, जप आणि सुवर्णदान मिळून एकवीस हजार.

मालवणी_खाजा
चार अंशांचे एकवीस हजार. अंशाला सव्वापाच पडले.

पंतोजी
आता पत्राकडे या, कारण धागा त्याचा होता.

ताई, तुमच्या खर्ड्यात सूर चांगला आहे, पण प्रश्न चुकलाय. 'बरोबर कोण' असं विचारलंत तर काका काय म्हणणार, 'मी'. ते खोटंही नसेल. ते त्यांच्या पंचांगाने पुन्हा बघतील, पुन्हा ज्येष्ठा येईल, पुन्हा साडेतेवीस. फेरतपासणी म्हणजे तीच बेरीज दुसऱ्यांदा नव्हे. दुसरं, आधीच 'उपाय सांगा' लिहिलंत तर दोष आहे असं तुम्हीच कबूल केलंत.

आणि एक गोष्ट मला खटकतेय. तुमची पत्रिका टिळक पंचांगाची. मुलाची काकांकडे कुठली गेली होती?

अबोली७
त्याची तीच कॉम्प्युटरची. बाबांनी प्रिंट नेला होता.

पंतोजी
मग काकांनी एक पत्रिका रैवत पक्षाची आणि एक लाहिरीची शेजारी ठेवून गुण काढले. एक फूटपट्टी इंचाची, एक सेंटिमीटरची. हे फार होतं आजकाल, जुने लोक कॉम्प्युटरचा कागद आला की नक्षत्र आयतं उचलतात, कोपऱ्यातलं बारीक अक्षर वाचत नाहीत. मुलाचा चंद्र किती अंशांवर आहे?

अबोली७
सिंह १७ अंश २० कला.

पंतोजी
चार मिळवले तर २१ अंश १८-२०. पूर्वा संपते २६ अंश ४० ला. म्हणजे तो दोन्ही पक्षांत पूर्वाच राहतो, नशीब. इथे निकाल बदलत नाही, पण तो २३ अंशांवर असता तर उत्तरा झाला असता, आद्य नाडी, आणि मग काकांच्याच पंचांगाने एकनाडी आली असती. म्हणून हे विचारायलाच हवं, आणि त्यांना चूक दाखवल्यासारखं न करता विचारायला हवं.

कोकणकन्या_डोंबिवली
हो, 'तुम्ही चुकलात' असं चुकूनही नको. आमच्या सासऱ्यांना कुणी असं म्हटलं की दोन दिवस जेवणात मीठ जास्त असल्याची तक्रार चालते.

मिरचीभजी
मी मराठी शिकवते, जरा हात फिरवू का? 'झोप नाही' आणि 'आपल्याच शब्दावर मोठी झाले' काढ. त्यांना अपराधी वाटेल आणि ते मूळ मुद्दा सोडून धीर देत बसतील. दोन्ही कागदांवरचे आकडे मात्र दे, गणिती माणसाला आकडे दिसले की राग विसरतो.

अबोली७
सगळ्यांचं वाचून परत लिहिलं:

"ती. काकांस कृ. सा. न. वि. वि.
माझ्या दोन पत्रिका शेजारी ठेवल्या तेव्हा एक गोष्ट लक्षात आली ती आपल्याला कळवते. आपल्या वडिलांनी टिळक पंचांगावरून केलेल्या पत्रिकेत माझे नक्षत्र ज्येष्ठा प्रथम चरण, बुध भोग्य १३ वर्षे १० महिने आहे. नाशिकच्या प्रिंटवर लाहिरी अयनांश असून नक्षत्र अनुराधा चतुर्थ चरण, चंद्र वृश्चिक १५ अंश १० कला, शनी शिल्लक २ वर्षे १ महिना. जन्मवेळ दोन्हीकडे एकच. मुलाची पत्रिका बाबांनी दिली तीही लाहिरीचीच होती, चंद्र सिंह १७ अंश २० कला, हे तेव्हा आम्ही आपल्याला सांगितले नाही.
तरी दोघांच्याही पत्रिका आपल्या पंचांगाने नव्याने मांडून, आणि एकदा दोघांच्याही चित्रा पक्षाने मांडून, दोन्ही वेळचे गुण आणि नाडी लिहून कळवाव्यात ही विनंती. आपण स्वतः निर्णय कशावरून करता आणि का, तेही दोन ओळी लिहावे, म्हणजे तो कागद मला नाशिकला दाखवता येईल. जुनी पत्रिका सोबत झेरॉक्स करून जोडली आहे. आपली, ..."

पंतोजी
उत्तम. 'आम्ही सांगितले नाही' हे फार शहाणपणाचं वाक्य आहे.

शंतनु_ठाणे
माझा विश्वास शून्य, पण पत्र मात्र मानलं. ऑफिसात ईमेल असे लिहीत जा लोकहो.

सौ_वर्तक
पत्र शुक्रवारी टाकू नकोस.

*(अकरा दिवसांनी)*

अबोली७
धागा वर काढतेय. काकांचं उत्तर आलं! चार पानं, दोन्ही बाजूंनी लिहिलेली, समासात बेरजा. महत्त्वाचं तेवढं देते.

"दोन्ही पक्षांनी मांडले. रैवत पक्षे तुझी ज्येष्ठा, मुलाची पूर्वा, साडेतेवीस, नाडी भिन्न. चित्रा पक्षे तुझी अनुराधा, मुलाची पूर्वाच, साडेवीस, एकनाडी. नाशिकच्या गुरुजींचे गणित त्यांच्या परीने चोख आहे, त्यांस माझा नमस्कार सांग. मुलाचा कागद मी त्या वेळी जसा आला तसा धरला, तसा धरावयास नको होता, हे तू दाखवलेस ते बरे केलेस. ज्या पंचांगाने तुझे बारशाचे अक्षर काढले त्याच पंचांगाने मी तुझे लग्न पाहणार. यापलीकडे 'का' याचे उत्तर मजजवळ नाही."

पंतोजी
अशी माणसं आता कमी. शेवटचं वाक्य फ्रेम करून लावण्यासारखं आहे.

शंतनु_ठाणे
शेवटच्या वाक्यावर माझं आणि काकांचं एकमत झालं हे नोंदवून ठेवा.

डॉ_पुरणपोळी
आणि टेस्ट?

अबोली७
दोघांच्याही नॉर्मल. सासूबाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला. नाशिकचे गुरुजी मात्र ठाम आहेत, टिळक पंचांग आपण धरत नाही म्हणतात. सासरेबुवा म्हणतात दोन पंचांगांत एक मत हो म्हणतंय ना, मग पुरे. सासूबाईंचा नवा मुद्दा: काकांचं मानायचं तर मग सून राक्षसगणी हेही मानायला लागेल. 🙈

मालवणी_खाजा
म्हणजे देवगणी सून हवी तर एकनाडी घ्या, नाडी वेगळी हवी तर राक्षसगण घ्या. कॉम्बो ऑफर.

कोकणकन्या_डोंबिवली
मी पण राक्षसगणी आहे, सासरी सगळे नीट वागतात 😂

अबोली७
हो आणि काकांच्या चौथ्या पानावर ताजा कलम आहे, तो सांगायचा राहिलाच. "ज्येष्ठा प्रथम चरण असल्याने एक विचारावयाचे राहिले. मुलास थोरला भाऊ आहे काय?"

नाशिककर_मामा
ज्येष्ठा नक्षत्राची सून थोरल्या दिराला जड म्हणतात, म्हणून विचारलं असणार. आहे का?

अबोली७
आहे. हॉलचं बुकिंग त्यानेच केलंय.

सौ_वर्तक
कुठल्या वारी?